‘मले काहून दुखते?’ : सिकलसेल असलेल्या मुलाला कोणत्या वयात काय सांगावं

बालाघाट जिल्ह्यातल्या मुलाला आपल्या आजाराचं नाव अनेकदा घरातून कळतच नाही. शाळेतल्या तपासणीत बोटाला सुई टोचली जाते, काही दिवसांनी यादी येते, आणि कुणीतरी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतं. किंवा मामाच्या गावी लग्नात दोन बायका बोलत असताना कानावर पडतं, ‘ह्याले सिकल निघालं म्हणते.’ तोवर घरात सांगितलेलं असतं की तुझं रक्त थोडं कमी आहे, टॉनिकची गोळी घे, मोठा झालास की बरा होशील. वर्षानुवर्षं सांभाळलेलं हे सांगणं त्या एका दुपारी कोसळतं. मुलाला दोन गोष्टी एकदमच कळतात. आपल्याला काहीतरी मोठं आहे, आणि आई-बापांनी ते आपल्यापासून लपवलं.

बैहर, बिरसा, परसवाड्याच्या डोंगराळ भागातली गोंड-बैगा गावं असोत की वैनगंगेकाठचा धानाचा सखल पट्टा, सिकलसेल इथे अनोळखी नाही. पलीकडे गोंदिया, भंडारा, नागपूर, गडचिरोलीतही हाच आजार आहे. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदवला गेला, आणि सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे गावागावांत कार्डं आली. कार्ड आल्यावर मुलाला काय सांगायचं, हे मात्र कार्डावर लिहिलेलं नसतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये जी एकवीस अपंगत्वं दिली आहेत त्यांत सिकलसेल आहे. तरीही या मुलाच्या हातात काठी नसते की कानाला यंत्र नसतं. तो चार दिवस मैदानात धावतो आणि पाचव्या दिवशी उठू शकत नाही. दिसत नाही म्हणून लपवता येतं, आणि लपवता येतं म्हणून सांगणं पुढे ढकललं जातं. सांगून मूल घाबरेल ही पालकांची भीती खोटी नाही. पण न सांगितल्यानं मूल अंधारात राहतं हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतल्या मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ रक्ताचा कर्करोग असलेल्या लहान मुलांच्या वॉर्डात दीर्घकाळ राहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. कुणीही न सांगता त्या मुलांना आपल्या आजाराबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक झालं होतं. मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती काही माहीत नसल्यासारखी वागत होती. एचआयव्ही असलेल्या मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मार्गदर्शिका काढली. शाळकरी वयातच मुलाला त्याची स्थिती सांगावी, आणि वयाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं सांगावी, असं ती म्हणते. तिथेही आजार आयुष्यभराचा, रोजच्या गोळीचा आणि कलंकाचा आहे, म्हणून ती शिफारस आपल्या कामाची आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक वयाचं सत्य त्या वयाच्या कामाशी जोडलेलं असावं. मुलाला जे करायचं आहे त्याच्या थोडं आधी त्याला त्याचं कारण कळायला हवं.

मुलाशी बोलण्याआधी एक काम पालकांचं आहे : रिपोर्ट नीट समजून घेणं. गावात होणारी पहिली चाचणी बहुधा सोल्युबिलिटीची असते. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच ती सांगते. मूल वाहक आहे की आजारी, म्हणजे एएस आहे की एसएस, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात पहिली चाचणी फसूही शकते, कारण तेव्हा अंगात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर पुढची तपासणीही गोंधळात टाकते, म्हणून रक्त दिल्याची तारीख प्रयोगशाळेला सांगावी लागते. एएस मुलाला ‘हाफ सिकल’ म्हणून वर्षानुवर्षं जपणारी घरं असतात, आणि एसएस मुलाला ‘थोडंसं आहे’ म्हणून सोडून देणारीही असतात. पक्का रिपोर्ट येईपर्यंत मुलाला कुठलंच नाव सांगू नये.

पाच वर्षांपर्यंत मुलाला समजतं ते दुखणं. पहिली खूण बहुधा सहा महिन्यांनंतर दिसते. हाताचे किंवा पायाचे पंजे सुजतात, बाळ पाऊल टेकवत नाही. या वयात सांगायचं थोडंच असतं, पण ते खरं असावं. ‘काही नाही झालं’ हे वाक्य टाळा. मुलाला झालेलं असतं आणि ते त्याला जाणवत असतं. त्याऐवजी म्हणावं, ‘तुझ्या हाताला दुखणं आलं आहे. आपण गरम कापडानं शेकू, पाणी पिऊ, औषध घेऊ. माय इथंच आहे.’ सुई टोचणार असेल तर टोचणार आणि थोडं दुखणार, हेही आधी सांगावं. ‘दुखणार नाही’ असं एकदा ऐकून टोचून घेतलेलं मूल पुढच्या खेपेला दवाखान्याच्या फाटकातच रडायला लागतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला बोटांवर दुखणं दाखवायला शिकवावं. एक बोट म्हणजे थोडं, पाची बोटं म्हणजे सहन होत नाही. पुढे नर्सला, मास्तरला आणि परगावच्या डॉक्टरला सांगायची ही त्याची पहिली भाषा असते. आजाराचं नावही याच वयात सहज कानावर पडू द्यावं, कुजबुजून नव्हे. आई फोनवर ‘सिकलसेलची गोळी’ म्हणते आणि आवाज बदलत नाही, एवढ्यानं पुष्कळ काम होतं.

शाळा सुरू झाली की सत्याची गरज एकदम वाढते, कारण आता दिवसाचे सहा तास मूल पालकांच्या नजरेबाहेर असतं. इथे थोडं थांबायला हवं. शाळकरी वयातच सगळ्यात जास्त बिघडतं.

समजा, वारासिवनीकडच्या एका गावात एसएस असलेली सात वर्षांची मुलगी आहे. तिला सांगितलेलं नाही, फक्त ‘पाणी पी’ असा हुकूम आहे. ती पाणी पिते, मग दर तासाला लघवीला जावं लागतं, मास्तर ओरडतात, मुलं हसतात. चार दिवसांत ती शाळेत पाणी प्यायचं बंद करते. आठवडाभरात पाय दुखायला लागतात. घरचे म्हणतात, सांगितलं तरी ऐकत नाही. खरं तर तिनं एका अडचणीतून आपल्यापुरता मार्ग काढला होता. दुसरी बाजू तिला कुणी दाखवलीच नव्हती. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती लवकर कमी होते, म्हणून लघवी पातळ आणि वारंवार होते, रात्री अंथरूण ओलं होतं आणि अंगातलं पाणी लवकर कमी पडतं. पाणी कमी पडलं की पेशी वाकतात आणि दुखणं येतं. त्या मुलीला हे सांगितलं असतं तर अंथरूण ओलं होण्याची लाजही गेली असती. तो तिचा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

सहा ते नऊच्या मुलाला पेशीची गोष्ट दाखवता येते. धानाच्या गावातल्या मुलाला विळा माहीत असतो. ओल्या मातीचे वाटाण्याएवढे गोळे करा, काही गोल आणि काही विळ्यासारखे वाकडे, आणि वाळवा. मग ते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यातून घरंगळू द्या. गोल सरकतात, वाकडे एकमेकांत अडकतात. ‘तुझ्या रक्तातल्या काही पेशी अशा वाकतात. जिथं अडकतात तिथं दुखतं. पाणी प्यायलं, अंग गरम ठेवलं, की कमी अडकतात.’ पुढे त्यात भर घालता येते. चांगली पेशी १२० दिवसांच्या आसपास टिकते, वाकणारी दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. पिवळ्या डोळ्यांवरून चिडवणाऱ्या मुलाला द्यायचं उत्तरही घरीच तयार करून द्यावं : ‘ही साथीची कावीळ नाही, सिकलसेल आहे, तुला लागणार नाही.’ एवढं छोटं वाक्य पाठ असलं की मूल गप्प बसून रडत नाही.

थंडीचं कारण तर या भागात शब्दशः पायाखालचं आहे. रोवणीच्या दिवसांत घरची मुलं बांधीत उतरतात, पावसाच्या गार पाण्यात तासन्‌तास उभी राहतात. कार्तिकात पहाटेचं नदीस्नान असतं, आणि डिसेंबरात बैहरकडची थंडी बोचरी असते. नुसतं ‘तू उतरू नको’ म्हटलं की मुलाला आपण घरात कमी आहोत असं वाटतं. ‘गार पाण्यात तुझ्या पेशी वाकतात, म्हणून तू बांधावर बसून पेंढ्या मोजायच्या’ म्हटलं की त्याला कारणही मिळतं आणि कामही. सूज आली तर बर्फ लावायचा नाही, हेही या वयात शिकवावं. शाळेत खेळताना लागलं की सगळे आधी बर्फच आणतात.

शिक्षकाला सांगायचं का, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. सांगावं, पण मुलासमोर, मुलाला विचारून. चार गोष्टी पुरेत : पाण्याची बाटली बाकावर राहील, लघवीला विचारल्याबरोबर सोडावं, उन्हात-थंडीत शिक्षा म्हणून उभं करू नये, आणि ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं, पोट फुगून चेहरा पांढरा पडणं किंवा तोंड वाकडं होणं दिसलं तर वाट न पाहता घरी कळवावं. १०१ फॅरनहाइटच्या वरचा ताप या मुलांत साध्या तापासारखा धरायचा नसतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. प्लीहा नीट काम करत नसल्यानं जंतुसंसर्ग झपाट्यानं पसरतो. लहानपणी पेनिसिलिनची गोळी याच कारणासाठी दिली जाते, आणि आठ वर्षांच्या मुलाला हे सांगता येतं.

याच वयात मुलं मरणाबद्दल विचारतात. ‘मी मरन का?’ हा प्रश्न आला की बहुतेक आई-बाप ‘असं नाही बोलत’ म्हणून तोंड बंद करतात. मूल पुन्हा विचारत नाही, पण विचार चालूच राहतो. खरं उत्तर देता येतं : ‘या आजारानं काही जण आजारी पडून वारतात. म्हणून तर आपण गोळी चुकवत नाही आणि ताप आला की लगेच जातो. औषधं घेऊन मोठी झालेली, नोकरी करणारी माणसं आहेत. मला वाटतं तू मोठा होशील.’ यात खोटं काही नाही. मात्र ‘तू बरा होशील’ असं म्हणू नये. बोन मॅरोचं प्रत्यारोपण बरं करू शकतं, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो, बहुधा सख्खा भाऊ किंवा बहीण. त्यात धोका असतो, खर्च मोठा असतो, आणि बहुतेक घरांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. हायड्रॉक्सियुरिया बरं करत नाही, दुखण्याच्या खेपा कमी करतं, तेही रोज घेतल्यावर आणि काही महिन्यांनी. ‘टॉनिक’ म्हणून दिलेली गोळी मूल दुखणं नसताना बंद करतं. खिडकीबाहेर किंवा कोनाड्यात गोळ्या सापडायला लागल्या की समजावं, सांगण्यात काहीतरी उणं राहिलं आहे.

दहा-अकराव्या वर्षी आनुवंशिकतेचा प्रश्न येतो, आणि तो बहुधा रागात येतो : हे मलाच का, भावाला का नाही? उत्तर चिंचोक्यांवर दाखवता येतं. आईच्या मुठीत दोन चिंचोके, एक साधा, एक कोळशानं खूण केलेला. बापाच्या मुठीतही तसेच. मुलानं डोळे मिटून प्रत्येक मुठीतला एक उचलायचा. दोन्ही साधे आले तर एए, एक खुणेचा आला तर एएस, म्हणजे वाहक, दोन्ही खुणेचे आले तर एसएस. उचललेले परत ठेवून वीस-पंचवीस वेळा करा आणि पाटीवर लिहा. साधारण चौथा हिस्सा एसएस येईल, अर्धे एएस. कधी लागोपाठ दोनदा एसएसही येतं, आणि तेच मुलाला दिसायला हवं. चार मुलांत एकच आजारी असा नियम नाही. प्रत्येक गर्भाच्या वेळी मुठी नव्यानं उघडतात.

या खेळाचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. खुणेचा चिंचोका दोन्ही मुठींतून आलेला मुलाला दिसतो. आमच्याकडे हा आजार आईच्या माथी मारला जातो, ‘तिच्या माहेरचं रक्त’ म्हणून, आणि मूल ते ऐकत मोठं होतं. कधीकधी ते आईवरच चिडतं. आजी-आजोबांना याच खेळाला बसवावं. शिवाय हा आजार अमुक एका जातीचा, असंही बोललं जातं. जुन्या काळी हिवताप जिथे फार होता तिथे वाहक माणसांना त्यापासून थोडं संरक्षण मिळालं, म्हणून हा जनुक अशा भागांत टिकला. तो आदिवासींत आहे, दलितांत आहे, इतर मागास समाजांतही आहे. बारा वर्षांच्या मुलाला हे कळलं तर जातीवरून कुणी बोललं तरी त्याच्याकडे कारण असतं.

या वयात मुलग्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ती कुणीच सांगत नाही, आणि न सांगण्याची किंमत फार मोठी आहे. सिकलसेलमध्ये लिंगाला दुखरी ताठरता येऊ शकते, झोपेतही येते, आणि कधीकधी ती आपोआप जात नाही. मुलगा लाजेनं रात्रभर सहन करतो. वेळ गेला तर कायमचं नुकसान होतं. बापानं किंवा काकानं वयात येण्याआधीच स्पष्ट सांगावं : असं झालं तर ते तुझं पाप नाही, आजारच आहे. पाणी पी, लघवी कर, थोडं चाल, आणि दोन तासांत गेलं नाही तर मला उठव, आपण दवाखान्यात जाऊ. मुलींना आणि मुलांनाही सांगावं की वयात येणं एक-दोन वर्षं उशिरा होऊ शकतं, उंची मागे राहू शकते, पुढे बरीचशी भरून निघते. वर्गातल्या मैत्रिणींना पाळी आली आणि आपल्याला नाही, म्हणून रडणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला एवढी माहिती आधीच असायला हवी होती.

‘दिव्यांग’ हा शब्द साधारण इथेच घरात येतो, प्रमाणपत्राच्या निमित्तानं. ‘मले तं हातपाय आहेत, मी दिव्यांग कसा?’ असं मूल विचारतं, आणि पालकही मनातून तेच विचारत असतात. काही घरं याच कारणानं अर्ज करत नाहीत. माझ्या मते मुलाला सरळ सांगावं की तुझ्या आजारामुळे शाळेचे दिवस बुडतात, परीक्षेच्या वेळी दुखणं येऊ शकतं, आणि शाळेनं, सरकारनं त्याची सोय करावी असा कायदा आहे. हा कागद ती सोय मागण्यासाठी आहे. मर्यादाही सांगाव्या. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मुख्य लाभ मिळतात. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांत सिकलसेल धरला जातो. सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणात मात्र रक्ताच्या आजारांचा समावेश नाही. हे दहावी-अकरावीतच कळलेलं बरं. प्रमाणपत्र आहे म्हणजे नोकरी आहे, या समजुतीवर तीन-चार वर्षं घालवलेल्या मुलाचा राग मग आई-बापांवर निघतो.

चौदा-पंधरानंतर सांगणं कमी आणि सोपवणं जास्त. या वयात मूल गोळी टाळतं, थंडीत गाडीवर हिंडतं, दुखणं लपवतं. ओरडून फारसं साधत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली काही मिनिटं त्याला एकट्यानं बोलू द्यावं. आई बाहेर असली की विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. कंबरेच्या किंवा मांडीच्या सांध्यात सतत दुखत असेल, लंगडत असेल, तर तो खुब्याचा हाडबिघाड असू शकतो, कारण तिथला रक्तपुरवठा तुटतो. हे त्याला आधी ठाऊक असेल तर तो दुखणं सांगेल. अभ्यासात अचानक मागे पडणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी मेंदूची तपासणी करून घ्यावी, कारण या आजारात मेंदूत छोटे, बाहेरून न दिसणारे झटके येऊ शकतात.

लग्नाचं बोलणं सोळा-सतराव्या वर्षी सुरू करावं, स्थळं यायच्या आधी. कुंडलीआधी सिकलसेलचं कार्ड जुळवा, असा प्रचार आता गावोगाव होतो. पण मुलीच्या कानावर तो ‘तुझं लग्न होणार नाही’ असा पडतो. तिला हिशेब पूर्ण सांगावा. एसएस व्यक्तीचं लग्न एए व्यक्तीशी झालं तर सगळी मुलं वाहक होतात, आजारी एकही नाही. एएसशी झालं तर दर खेपेला निम्मी शक्यता आजाराची. एसएसशी झालं तर सगळीच आजारी. लग्न करायचंच असेल आणि जोडीदार वाहक असेल, तर गरोदरपणात लवकर गर्भतपासणी होऊ शकते. हायड्रॉक्सियुरिया गरोदर होण्याआधी डॉक्टरांना विचारून बंद करावं लागतं. हे सगळं तिनं नवऱ्याच्या घरी जाऊन शिकू नये.

त्याच घरात वाहक असलेली भावंडं असतात, आणि त्यांना बहुधा कुणी काहीच सांगत नाही. एएस म्हणजे आजार नाही आणि अपंगत्वही नाही. रोजचं जगणं इतरांसारखंच. फक्त फार कष्टाच्या वेळी पाणी नीट प्यावं, आणि लग्नाआधी समोरच्याची तपासणी विचारावी. हे त्यांना पंधराच्या आसपास सांगितलं तर पुरे, पण सांगायचंच. धाकट्या बहिणीला ‘तू भावाला वाचवणार’ असं मात्र लहानपणापासून म्हणू नये. मॅरो जुळला तरी द्यायचा की नाही, हे तिला समजून ठरवता आलं पाहिजे.

नागपूरच्या संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती सिकलसेलवरच्या कामासाठी, आणि ते काम त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या आजारातून सुरू झालं होतं. असे उघडपणे बोलणारे आई-बाप, मोठी झालेली रुग्ण माणसं मुलाला प्रत्यक्ष भेटवावीत. बालाघाटहून गोंदिया-नागपूरला तपासणीला जाणं होतंच. त्या बाकावर शेजारी बसलेल्या पंचवीस वर्षांच्या माणसाशी मुलाला बोलू द्यावं.

बारावीनंतर मूल जबलपूरला किंवा नागपूरला शिकायला निघतं, तेव्हा त्याच्या पिशवीत रिपोर्टची प्रत, रक्तगट, चालू औषधांची चिठ्ठी, वर्षाकाठी डोळे आणि मूत्रपिंड तपासण्याची तारीख आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता असावा. खोलीतल्या सोबत्याला सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. एका तरी माणसाला सांगावं, एवढं आई-बापांनी सुचवावं. रात्री छातीत दुखायला लागलं आणि बोलवेनासं झालं, तर रिक्षा आणणाऱ्याला नुसतं ‘सिकलसेल’ एवढं तरी डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे.